सोया आणि नारळाच्या दुधाचं दही : आंबतं, पण लागत का नाही?

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा आहे, त्याला दुधाची ॲलर्जी निघालीय आणि दहीभाताशिवाय त्याचं जेवण होत नाही. पाकिटातल्या सोया मिल्कमध्ये हिरव्या मिरचीचे देठ टाकून रात्रभर ठेवलं तर सकाळी नुसतं आंबूस पाणी. नारळाच्या दुधाचं केलं तर वर जाड साय आणि खाली पाणी. साधं दह्याचं विरजण घातलं तर लागेल का? नक्की काय चुकतंय?

उत्तर :

ताई, आधी विरजणाचं सांगते कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. ॲलर्जी असेल तर साध्या दह्याचं विरजण अजिबात नको. चमचाभरच तर आहे, पुढच्या खेपेला आणखी कमी होईल, असं लोक सांगतात, पण दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या मुलाला तेवढंही पुरतं. ज्यांना फक्त दूध पचत नाही, पोट फुगतं, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी पहिल्यांदा साधं विरजण घेतलं तरी चालतं. तुमच्या घरी नाही. आणि सोया चालतं का हे डॉक्टरांना विचारलं असेलच, नसेल तर विचारून घ्या, दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाचीही असते.

आता मुद्द्याचं. मी गेली ९ वर्षं घरी हे दही लावतेय, आता ओळखीतल्या ८-१० घरांना देते पण, आणि सुरुवातीचं वर्ष-दीड वर्ष जे काही वाया घालवलंय ते फक्त एका गोष्टीमुळे, की दूध आंबणं आणि दही लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात शिरलं नव्हतं. म्हशीच्या दुधात दोन्ही एकदमच होतात म्हणून आपल्याला ती एकच गोष्ट वाटते. विरजणातले जिवाणू साखर खाऊन आंबटपणा तयार करतात, हे झालं आंबणं. तो आंबटपणा वाढला की दुधातली प्रथिनं एकमेकांना धरायला लागतात आणि त्यांची जाळी होते, पाणी त्या जाळीत अडकून बसतं, हे झालं लागणं. म्हणजे आंबवायला जिवाणू पाहिजेत आणि लागायला प्रथिनं पाहिजेत. तुमचं सोया मिल्क थोडं आंबलं पण लागलं नाही, आणि नारळाचं कितीही आंबवलं तरी स्वतःहून लागणारच नाही, कारण त्यात जाळी करण्याएवढं प्रथिनच नाही. त्यात आहे ते तेल, आणि तेल वर येतं. तुमची ती जाड साय म्हणजे तेच.

त्यामुळे दोघांची कृती पण वेगळी. सोयात प्रथिन पुरेसं आणायचं आणि नीट शिजवायचं, बाकी ते स्वतः लागतं. नारळात जाळी बाहेरून आणून द्यायची.

सोयापासून सुरू करते. पाकीट आणायचं तर पाठीमागचा तक्ता वाचा, १०० मिलीला प्रथिनं ३ ग्रॅमच्या खाली असतील तर ते पाकीट प्यायला ठीक, दह्याला नाही. व्हॅनिला, चॉकलेट असलं काही नको. घरी एक सोपी परीक्षा आहे, अर्धी वाटी सोया मिल्क उकळून गॅस बंद करायचा आणि अर्धा चमचा लिंबाचा रस हळू ढवळत टाकायचा. पनीरसारखे गठ्ठे होऊन पिवळसर पाणी वेगळं झालं तर त्या दुधाचं दही लागेल. नुसती बारीक रवाळ कणी दिसली आणि दूध दुधासारखंच राहिलं तर ते पातळ आहे, त्याच्यावर विरजण वाया घालवू नका. (काही जण लिंबू पिळून त्यालाच दही म्हणतात, ते दही नाही, त्यात जिवाणू नाहीत आणि त्याचं पुढे विरजणही होत नाही.)

पण खरं सांगू का, घरी दूध काढलं की पाकिटाची भानगडच राहत नाही, आणि खर्च तर बघायलाच नको. मी मूळची लातूरकडची, आमच्याकडं सोयाबीन पोत्यानं, पण माझ्या लहानपणी ते घरात खायला कुणी वापरलेलं आठवत नाही, सरळ आडत बाजारात जायचं. इथं एक सावध करते. गावाकडून कुणी सोयाबीन पाठवलं तर ते बियाण्याच्या पिशवीतलं नाही ना हे विचारा. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, बरेचदा ते लालसर-गुलाबी दिसतं. ते धुवून जात नाही, खायचं नाही, ढोरांनाही घालायचं नाही. माझ्या भावानं एकदा पेरून उरलेलं ५ किलो मोठ्या प्रेमानं पाठवलं होतं, मी ते तसंच परत पाठवलं, त्याला राग आला तो आला. किराणा दुकानातलं पिवळं, स्वच्छ, यंदाचं सोयाबीन घ्या. दोन वर्षं डब्यात पडलेल्याचं दूध कमी निघतं आणि वास जास्त.

एका लिटरचं गणित सांगते, हे मी दर आठवड्याला करते.

२०० ग्रॅम सोयाबीन निवडून, धुवून रात्रभर भिजत घाला. उन्हाळ्यात ८ तास पुरतात, थंडीत १२ तरी लागतात. उन्हाळ्यात पाणी एकदा बदला नाहीतर फेस येतो आणि आंबूस वास लागतो. दाणा दोन फाकांत उघडून बघायचा, आतली बाजू सपाट असली की भिजला, मधे खळगा असेल तर अजून वेळ आहे. मग मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, आणि भिजलेलं सोयाबीन त्या उकळत्या पाण्यात सोडून ५ मिनिटं राहू द्या. ही पायरी कुणी सांगत नाही. सोयाचा तो जो कच्च्या शेंगांसारखा, गवतासारखा वास येतो ना, तो दाण्यात आधी नसतो, भिजलेला दाणा गार पाण्यात वाटताना तयार होतो, दाण्यातलं एक एन्झाइम तेलाला लागतं त्यामुळे. आधी उकळत्या पाण्यात टाकलं की ते एन्झाइम मरतं. ५ मिनिटांच्या फार वर नको हां, दाणा जास्त शिजला की प्रथिनं दाण्यातच अडकतात, दुधात उतरत नाहीत. मग ते पाणी फेकून, गार पाण्यात चोळून सालं निघतील तेवढी काढा, सगळी निघाली नाहीत तरी बिघडत नाही.

आता मिक्सरमध्ये सव्वा लिटर गरम पाणी थोडं थोडं घालत तीन-चार घाण्यांत अगदी गंधासारखं वाटा. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, गरम असतं, झाकण उडतं. पातळ मलमलच्या कापडातून गाळून कच्चून पिळायचं. साधारण लिटरभर दूध मिळतं. इथं लोक काय करतात, चोथ्यात अजून पाणी घालून दुसरं दूध काढतात आणि तेही ओततात, मला पण मोह व्हायचा. ते दुसरं दूध चहाला, कणकेला वापरा, दह्यात नको, दही पातळ होण्याचं अर्ध कारण तिथंच आहे.

दूध जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात तापवा आणि समोरून हलू नका. सोयाचं दूध फसवतं, खरी उकळी यायच्या बरंच आधी फेस भसाभसा वर येतो, माणसाला वाटतं उकळलं आणि गॅस बंद होतो. तिथं ते कच्चं असतं. फेस वर आला की गॅस बारीक करायचा, ढवळून बसवायचा, आणि मग खरी उकळी आल्यापासून मंद आचेवर १५ ते २० मिनिटं शिजवायचं, उलथन्यानं तळ सारखा हलवत. एवढं का, तर दोन कारणं आहेत. कच्च्या सोयात पचनाला अडवणारा एक घटक असतो, तो शिजवल्यावरच जातो, नाहीतर पोट बिघडतं. आणि दुसरं आपल्या कामाचं, सोयाचं प्रथिन गुंडाळी करून बसलेलं असतं, नीट तापल्यावर ती गुंडाळी उलगडते आणि मगच ती एकमेकांत गुंतून गुळगुळीत जाळी होते. कमी शिजलेल्या दुधाचं दही रवाळ आणि पाणचट होतं, कितीही चांगलं विरजण असू दे. तळाला लागलंच तर खरवडू नका, वरचं दूध हलक्या हातानं दुसऱ्या पातेल्यात ओता, एक करपट खपली सगळ्याला वास लावते. दूध गाळल्यावर जो चोथा राहतो तो थालीपिठाच्या भाजणीत जातो, आमच्याकडं तर मुद्दाम मागतात.

गॅस बंद केल्यावर त्यात दोन चमचे साखर. गोड करायला नाही. दुधातली जी साखर दह्याचे जिवाणू एरवी खातात ती सोयात नाहीच, सोयात असते ती थोडी आपली नेहमीची साखर आणि काही अशा साखरा ज्या यांना नीट खाता येत नाहीत. दोन चमचे घातली की ती बहुतेक तेच खाऊन टाकतात, दह्यात गोडी राहत नाही.

मग गार करायचं ४२ अंशांपर्यंत. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्याच, माझ्या निम्म्या चुका त्या काडीनं थांबल्या. नसेल तर करंगळी बुडवून दहापर्यंत मोजायचं, गरम लागलं पाहिजे पण चटका बसून बोट काढावं लागू नये.

विरजण कोणतं, हे आता. तुमच्या घरासाठी मी पाकिटातलं दह्याचं कल्चर सांगेन, ज्याच्यावर दुग्धविरहित असं स्पष्ट लिहिलंय असं. बरीच कल्चरं दुधाच्या पावडरीवर वाळवलेली असतात, प्रोबायोटिक कॅप्सूलचंही तेच, म्हणून घटक वाचल्याशिवाय घेऊ नका. ते मिळालं नाही तर दुकानातलं तयार व्हीगन, म्हणजे अगदी बिनदुधाचं दही, ज्यावर जिवंत कल्चर आहे असं लिहिलंय, त्याचे दोन टेबलस्पून एका लिटरला.

आणि तुमचे मिरचीचे देठ. देठ खोटे नाहीत, मिरचीच्या टोपीवर हे जिवाणू खरंच असतात. पण थोडे असतात आणि सोबत बाकीची वस्ती पण असते. तुम्ही देठ थेट अख्ख्या दुधात टाकले, त्या मूठभर जिवाणूंना एवढं मोठं पातेलं आंबवायचं होतं, रात्रभरात ते होत नाही आणि तेवढ्या वेळात कोणीही नको तो त्यात वाढतो. देठानं करायचं तर असं करतात, ७-८ मिरच्यांचे देठ टोपीसकट, चांगले धुतलेले, पाव वाटी कोमट सोया दुधात १०-१२ तास. जे थलथलीत, थोडं तिखटसर वासाचं काही होतं ते खायचं नाही, त्यातला एक चमचा पुन्हा ताज्या अर्ध्या वाटी दुधाला लावायचा, त्याचं पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला जे स्वच्छ आंबट वासाचं आणि घट्ट लागतं ते तुमचं विरजण. आणि देठाच्या विरजणाला ऊब थोडी कमी पुरते, पस्तिशीच्या आसपास. मी स्वतः सुरुवातीला तीन वर्षं याच विरजणावर काढली. पण लहान मुलासाठी मी कल्चरच घेईन, कारण देठावर काय बसलंय ते दर वेळी वेगळं.

विरजण अर्धी वाटी दुधात आधी नीट फेटून मग सगळ्यात मिसळायचं आणि लगेच छोट्या वाट्यांत ओतून टाकायचं. एका मोठ्या भांड्यापेक्षा वाट्यांत लावा, सोयाची जाळी नाजूक असते, पहिला डाव घातला की मोठ्या भांड्यातलं सगळंच पाणी सोडतं. वाट्या जुन्या हॉटकेसमध्ये ठेवून बाजूला गरम पाण्याचा पेला, वर टॉवेल. पुण्याच्या थंडीत मी ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवते. सहा तास हात लावायचा नाही. हलवून बघू नका हो, लागत असताना हललं की परत जुळत नाही!

इथं सोयाची एक गंमत आहे. गाईम्हशीच्या दुधापेक्षा कमी आंबटपणालाच सोया लागतं, त्यामुळे साडेतीन-चार तासांत वाटी तिरकी केली तर सगळं एकसंध कडेपासून सुटतं, दिसायला झालेलं दही, पण चाखलं तर गोडसर. तेव्हा काढू नका, अजून दोन-अडीच तास आंबू द्या, चव पण तेव्हाच येते आणि टिकतं पण. उलट १०-१२ तास विसरलात किंवा ऊब ४५ च्या वर गेली तर जाळी आवळते, दह्याला भेगा पडतात आणि पिवळसर पाणी वर येतं. तुमच्या बाबतीत जर पातळ ते पातळच राहिलंय तर कारण आधीचं, प्रथिन नाहीतर विरजण. लागून मग पाणी सुटलं असतं तर कारण वेळ नाहीतर ऊब. यावरून ओळखायचं. झालं की फ्रिजमध्ये ४-५ तास, तिथं अजून घट्ट होतं, मगच खायला घ्या.

आता नारळ. माझी फजिती सांगते. दुसऱ्या वर्षी एका ओळखीच्यांकडे एप्रिलमध्ये घरगुती कार्यक्रम होता, त्यांना नारळाच्या दह्याची कोशिंबीर हवी होती. मी नारळाचं घट्ट दूध काढलं, विरजण लावलं, फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी बघते तर काय सुंदर घट्ट, चमचा उभा राहील असं. मला वाटलं जमलं. दुपारी पंगत बसेपर्यंत त्या कोशिंबिरीचं सार झालं होतं, काकडी तरंगत होती. थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि उन्हात ठेवली की पातळ होते, तेच. नारळाचं तेल २४-२५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे फ्रिजमध्ये जे घट्ट दिसतं ते दही लागलेलं नसतं, तेल गोठलेलं असतं. म्हणून नारळाच्या दह्याची परीक्षा फ्रिजमधून काढल्या काढल्या करायची नाही, चमचाभर ताटलीत घेऊन २० मिनिटं बाहेर ठेवायचं.

जाळी बाहेरून द्यायची ती दोन गोष्टींनी मिळून, साबुदाण्याचं पीठ आणि चायना ग्रासची पावडर. नुसतं पीठ घातलं तर खळीसारखं चिकट होतं, नुसतं चायना ग्रास घातलं तर जेलीसारखं कापलं जातं, दोन्ही थोडं थोडं घातलं तर दह्याच्या जवळ जातं. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचा स्टार्चच, कोरडा मिक्सरमधून काढून अगदी वस्त्रगाळ केला की बाजारातलं वेगळं काही आणावं लागत नाही.

अर्ध्या लिटरला : दोन मोठे नारळ खवून, दोन वाट्या गरम पाण्यात वाटून पहिलंच घट्ट दूध काढा, अर्धा लिटर भरायला थोडं पाणी घालावं लागलं तर घाला. त्यातलं अर्धी वाटी गार दूध बाजूला ठेवून त्यात दोन सपाट टेबलस्पून साबुदाण्याचं पीठ कालवून ठेवा. दुसऱ्या छोट्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी आणि अर्धा टीस्पून चायना ग्रास पावडर, आणि हे खरंच दोन-तीन मिनिटं उकळायचं, नुसतं गरम पाण्यात ते विरघळत नाही, वाळूसारखं दाताखाली येतं. मग उरलेलं नारळाचं दूध तापवून त्यात कालवलेलं पीठ, मग चायना ग्रासचं पाणी, एक चमचा साखर, आणि सारखं ढवळत पातळ खिरीइतकं दाट होऊन कडेनं बुडबुडे येईपर्यंतच. धो धो उकळलं तर नारळाचं दूध फाटतं हे तुम्हाला माहितीच असेल. सतत फेटत ४२ अंशांवर आणा, एक टेबलस्पून विरजण मिसळा, वाट्यांत ओता, ८ ते १० तास उबेत.

इथं घाई नको आणि उशीर पण नको. चायना ग्रास चाळिशीच्या खाली गेलं की धरायला लागतं, फेटणं थांबवून तुम्ही फोनवर बोलत बसलात तर पातेल्यातच गुठळ्या. तसं झालं तर विरजण घालायच्या आधीच परत तापवून घ्या, ते पुन्हा वितळतं. विरजण घातल्यावर तापवलं तर जिवाणू गेले. आणि उबेत असताना हे दही पातळच दिसणार, ते लागतं गार होताना, म्हणून ८ तासांनी पातळ दिसलं की फसलं म्हणून ओतून देऊ नका, फक्त चव बघा. आंबट झालं असेल तर झाकून फ्रिजमध्ये ६ तास.

पाकिटातलं नारळाचं दूध चालतं, पण नारळ दुधाची पावडर तुमच्या घरी नको. कित्येक पावडरींमध्ये सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन, आणि वर चित्र नुसतं नारळाचं. हे मला एका ग्राहकाच्या मुलाच्या अंगावर पित्त उठल्यावर कळलं, पावडर मी त्यांनाच आणायला सांगितली होती. त्या दिवसापासून घटक वाचल्याशिवाय मी काहीच उघडत नाही.

नारळाला देठाचं विरजण तर अजिबातच नको, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते. इंडोनेशियात जावा बेटावर नारळाच्या चोथ्याचा टेम्पे बोंगक्रेक नावाचा आंबवलेला पदार्थ करायचे, त्यात चुकीचा जिवाणू वाढून विषबाधा व्हायच्या, माणसं दगावायची, शेवटी १९८८ मध्ये तिथल्या सरकारनं तो करायलाच बंदी घातली. ते विष शिजवून जात नाही आणि त्याला वास-चव पण नसते. तो जिवाणू आंबटपणात वाढत नाही, म्हणून नारळाचं दूध आधी तापवायचं, जोमदार ताजं कल्चर घालायचं आणि ते लवकर आंबट झालंच पाहिजे. माझा नियम सरळ आहे, १२ तास उबेत ठेवून स्वच्छ आंबट झालं नाही तर नारळ कितीही महाग असो, ओतून द्यायचं, अजून चार तास ठेवून बघू असं नाही. आंबटपणा मोजायची पीएच पट्टी मिळाली तर ४.५ किंवा खाली आलं की निर्धास्त. सोयाचंही तसंच, आंबट व्हायच्या ऐवजी गुळमट, कडसर, कुजका वास आला किंवा वर गुलाबी-काळे ठिपके दिसले तर वरचा थर काढून खाली वापरायचं नाही, सगळं टाका.

तुमच्या दहीभातासाठी मात्र मी दोन्ही वेगवेगळं करणार नाही. पाऊण लिटर घरचं सोया दूध आणि पाव लिटर नारळाचं घट्ट दूध, दोन्ही एकत्र दोन मिनिटं तापवून, साखर दोन चमचे, ४२ अंश, विरजण, सहा-सात तास. यात पीठ नाही, चायना ग्रास नाही. सोया एवढं दाट काढलेलं असतं की त्याची जाळी पाव हिस्सा नारळ सहज धरून ठेवते, आणि नारळाच्या तेलानं सोयाचा तो उरलासुरला कोरडेपणा जातो, सायीच्या दह्यासारखं तोंडात फिरतं. माझ्याकडे सगळ्यात जास्त हेच जातं. मुलाला द्यायचं तर भात पूर्ण गार करून कालवा, गरम भातात सोयाचं दही चटकन फुटतं आणि मग तो म्हणेल हे दही नाही. फोडणी नेहमीची, हिंग सढळ. दुधातलं कॅल्शियम यातून मिळत नाही, त्याचं डॉक्टरांना वेगळं विचारा. कढीला सोयाचं चालतं पण आधी बेसन नीट फेटून घ्या आणि सारखं ढवळा, पीठ-चायना ग्रासवालं नारळाचं कढीला चालत नाही, वितळून जातं.

विरजण पुढे चालवायचं तर मीठ-फोडणी घालायच्या आधी स्वच्छ कोरड्या चमच्यानं काढून ठेवा, आणि ते सोयाच्या दह्यातलं ठेवा, नारळाच्यातलं लवकर दमतं. फ्रिजमध्ये ५ दिवस बरं राहतं. मी नवीन पाकिटाच्या पहिल्याच दह्याचे बर्फाच्या ट्रेमध्ये खडे करून ठेवते, एक खडा म्हणजे साधारण एक टेबलस्पून, एका लिटरला दोन खडे. एकाच विरजणावर चार-पाच खेपा झाल्या की दही लागायला वेळ घ्यायला लागतं, सहाचे आठ तास होतात, तेव्हा त्याच्याशी झगडत बसू नका, ट्रेमधले नवीन खडे काढा.

आत्ता घरात जे पाकीट आहे त्याची आधी लिंबाची परीक्षा करा आणि मागचा प्रथिनांचा आकडा बघून सांगा. ३ च्या वर असेल तर नवीन काही आणू नका, त्यालाच ५ मिनिटं उकळून, साखर घालून, चांगलं विरजण लावून चार वाट्या करून बघा.